आधी काना, मग कमळ

सोलापूरच्या पूर्व भागातला पहिलीचा वर्ग तुझ्या हाती आला आहे, म्हणून हे सांगते. मराठी शाळा असली तरी तुझ्यासमोरची निम्मी मुलं घरी मराठी बोलत नसतील. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू नाहीतर हिंदी. तुला लोक दोन सल्ले देतील. एक म्हणेल, अक्षरं आणि त्यांचे आवाज शिकव, शब्द आपोआप येतील. दुसरा म्हणेल, चित्रासकट अख्खा शब्द दाखव, मुलं ओळखू लागतात, अक्षरांचं नंतर बघ. मी पहिल्याच्या बाजूची आहे, पण तो जसा सहसा सांगितला जातो तशी नाही.

वर्णमालेच्या तक्त्याने सुरुवात करू नकोस. बिनकान्याचे तीन अक्षरी शब्द सोपे दिसतात, म्हणून ते आधी घेतात: कमळ, बदक, मगर. मुलाच्या बाजूने ते अवघड आहेत. ‘क’, ‘म’, ‘ळ’ हे वेगवेगळे म्हणताना प्रत्येकात ‘अ’ येतो. ते तीन आवाज जोडले तर ‘कमळअ’ होतं, कमळ होत नाही. शेवटचा ‘अ’ आपण बोलताना गाळतो, पण तो गाळायचा हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. ज्याला मराठी येतं त्याचा कान ते दुरुस्त करतो. ज्याला कमळ हा शब्दच माहीत नाही, तो कशाच्या आधाराने दुरुस्त करणार?

म्हणून आधी काना घे. म, क, न, र, त एवढीच अक्षरं आणि एक काना. हे पाचही आवाज तुझ्या वर्गातल्या सगळ्या भाषांत आहेत, त्यामुळे पहिल्या आठवड्यात कुणाच्याच तोंडाला नवीन काही वळवावं लागत नाही. मामा, काका, नाना, तारा हे शब्द सुटे म्हटले तरी जोडल्यावर तेच राहतात: मा-मा, मामा. मुलाला कळतं की आवाज जोडले की शब्द होतो, आणि एकदा हे कळलं की वाचनाचं निम्मं काम झालं. अर्थ मात्र तपासून घे. ‘नाना’ हिंदी-उर्दू घरात आईचे वडील असतात आणि तेलुगूत ‘नान्ना’ म्हणजे वडील. विचारल्यावर तीन मुलं तीन माणसं सांगतील. तिघांचंही ऐकून घे आणि मग मराठीत आपण काय म्हणतो ते सांग.

मग नाक, कान, मान, रान, तार. इथे शेवटचा ‘अ’ गळतो, आणि ते तू बोलून दाखवायचं असतं. ‘ना’ लांबव, ‘क’ ला झटकन थांब, मुलांना तुझ्यासोबत म्हणू दे. शब्द वाचण्याआधी तो तोंडी खेळात आलेला असू दे. नाकाला हात लाव आणि विचार, तुझ्या घरी याला काय म्हणतात? तेलुगूतलं ‘मुक्कु’ येईल, कन्नडमधलं ‘मूगु’ येईल, कुणी ‘नाक’च म्हणेल. मग पाटीवर ‘नाक’ लिही. असं केलं नाही तर मूल आवाज बरोबर जोडेल आणि काय वाचलं ते त्याला कळणार नाही.

तेलुगू घरातल्या एका मुलीचं सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. ती ‘नाक’ला ‘नाकु’ वाचायची आणि ‘तार’ला ‘तारु’. तिला उकार कळत नाही असं वाटेल. पण तेलुगूत बहुतेक शब्द स्वरावर संपतात, बाहेरून आलेल्या शब्दांनाही शेवटी ‘उ’ लावला जातो, बसचं ‘बस्सु’ होतं. ती अक्षर चुकत नव्हती, तोंडाची सवय घेऊन येत होती. मी ‘नाक’ आणि ‘नाकु’ अशा दोन पट्ट्या ठेवल्या आणि म्हटलं, नाक कुठलं? तिने क्षणात बरोबर पट्टी उचलली. म्हणजे वाचन नीट होतं. तिला थांबवून दहादा ‘नाक’ म्हणायला लावण्याची गरज नव्हती.

हीच कसोटी बाकीच्यांना लाव. हिंदी बोलणारं मूल ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणेल, कन्नड घरातलं मूल ‘घर’ला ‘गर’. दोन पट्ट्या समोर ठेव, तू एक म्हण, त्याला उचलायला सांग. बरोबर उचलली तर तो उच्चार आहे, सोडून दे. अंदाजाने उचलत असेल, कधी ही कधी ती, तर त्याच्या कानाला तो फरक अजून ऐकू येत नाही. तेव्हा कागदाची पातळ पट्टी ओठांपुढे धर आणि ‘का’ म्हण, मग ‘खा’. ‘खा’ला पट्टी जास्त हलते, ‘घा’ला तितकीशी नाही, म्हणून आधी क-ख घे आणि ग-घ मागाहून. ळ, ण आणि हे सगळे महाप्राण दुसऱ्या टप्प्यात येऊ देत.

आता अख्ख्या शब्दाचं. त्याला मी नावं ठेवत नाही. मुलाचं स्वतःचं नाव पहिल्या दिवसापासून अख्खंच ओळखू दे, त्यात कितीही जोडाक्षरं असोत. ‘आहे’, ‘नाही’, ‘आणि’ एवढे शब्दही तसेच दे, म्हणजे दुसऱ्याच महिन्यात ‘मामा आणि काका’, ‘कान आहे’ असं वाचता येतं. पण शब्दांची यादी वाढवत नेलीस तर मुलं पहिलं अक्षर आणि शब्दाची लांबी बघून अंदाज बांधू लागतात. ‘कमळ’ पाठ असलेलं मूल ‘कमान’लाही कमळ म्हणेल, विशेषतः बाजूला फुलाचं चित्र असलं तर. मराठी नीट बोलणाऱ्या मुलाला वाक्याचा अर्थ सावरून घेतो. तुझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना तो आधार नाही, म्हणून त्यांच्यासाठी ही पद्धत जास्त महाग पडते.

इंग्रजीचे दाखले देऊन कुणी वाद घातला तर ऐक, पण जपून. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने 2000 मध्ये ध्वनींच्या क्रमवार शिकवणीच्या बाजूने निष्कर्ष दिला, आणि एवढ्याने वाचन पुरं होत नाही हेही सांगितलं. तिथली स्पेलिंग वेडीवाकडी आहेत. आपल्याकडे अक्षर आणि आवाज बऱ्यापैकी एकमेकांना धरून आहेत, त्यामुळे ध्वनीचा रस्ता आपल्याला जास्त लाभतो. जिथे तो तुटतो ती जागा मात्र ओळखून ठेव: ‘चाक’ आणि ‘चार’. दोन्हींत ‘चा’च लिहिलेलं आहे, आवाज दोन. तेलुगू मुलाच्या भाषेत हे दोन्ही आवाज आहेत, हिंदी मुलाच्या भाषेत एकच. इथे नियम सांगत बसू नकोस. दोन्ही आवाजांनी म्हणून बघ, आपल्याला माहीत असलेला शब्द कुठला होतो ते बघ, असं शिकव. शब्द आधी तोंडी ओळखीचा असेल तरच ही युक्ती चालते, म्हणून ‘च’ आणि ‘ज’ उशिरा घे.

दर पंधरा दिवसांनी एकेकाला जवळ बोलाव. पट्टीवर पाच शब्द, चित्र एकही नाही: नाक, कान, मान, तार आणि एक निरर्थक, ‘रानाम’सारखा. ‘नाक’ आणि ‘कान’ उलटसुलट होत असतील तर डोळा पहिल्या अक्षरापासून चालत नाहीये, बोट ठेवून डावीकडून वाचायला लाव. पहिले चार घडाघडा आले आणि ‘रानाम’ला ‘राम’ म्हणाला, तर तो शब्द ओळखतोय, वाचत नाहीये. त्याला काना असलेल्या सुट्या जोड्यांवर परत आण: रा-ना, ना-मा, मा-रा. उर्दू घरातल्या कुणाच्या हाताला घरी उजवीकडून लिहिण्याची सवय असेल, त्याला आपली ओळ डावीकडून सुरू होते हे पाटीवर बाण काढून दाखव, आणि वहीत त्याच्या नावापुढे तसं लिहून ठेव.