‘हे का नाही?’ असं विचारलं तर

जलोदराची केस मिळाली की फायनल इयरची मुलं खूश होतात. पोट फुगलेलं, दारूचं व्यसन, डोळे किंचित पिवळे. सिरॉसिस म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. परीक्षकांचे प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतात. सिरॉसिस मान्य, पण हृदयाचं कारण का नाही? टीबी का नाही? मेडिसिनच्या वॉर्डात बरीच वर्षं ही प्रेझेंटेशन्स ऐकतो आहे, आणि मुलं अडखळतात ती इथेच.

मी रेसिडेंट असतानाची एक केस सांगतो. चाळिशीतला शेतमजूर, काही महिन्यांपासून पोट वाढत चाललेलं. थोडीफार दारू घ्यायचा, म्हणून बाहेर लिव्हरची औषधं चालू होती. प्रेझेंट करणारी मुलगी हुशार होती. तिने घडाघडा सांगितलं, “सूज आधी पोटावर आली, मग पायांवर. दम लागत नाही. जेव्हीपी वाढलेलं नाही. म्हणून हृदयाचं कारण रूल आउट.”

आमच्या सरांनी विचारलं, “वाढलेलं नाही, की तुला दिसलं नाही?”

ती गप्प.

“किती अंशांत टेकवून बघितलंस?”

“पंचेचाळीस, सर.”

“आता मामांना सरळ उठवून बसव.”

मामा पाय सोडून बसले. खिडकीचा उजेड मानेवर तिरका पडत होता. कानाच्या पाळीखाली काहीतरी लपलपताना दिसलं. दीर्घ श्वास घ्यायला सांगितल्यावर ते खाली जायला हवं होतं. ते उलट वर चढलं. मानेतल्या शिरेचा दाब इतका जास्त होता की पंचेचाळीस अंशांत तिची वरची कड जबड्याच्या वर, नजरेआड गेली होती. निदान पुढे कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसचं निघालं, म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण जाड आणि ताठ झालेलं. आपल्याकडे त्यामागे बऱ्याचदा जुना टीबी असतो.

त्या मुलीने तपासणी टाळली नव्हती. तिचे तिन्ही मुद्दे पाठ्यपुस्तकातलेच होते. सिरॉसिसमध्ये आधी पोट, हृदयाच्या आजारात आधी पाय, किडनीच्या आजारात सकाळी उठल्यावर चेहरा, हा क्रम सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसमध्ये पोट पायांच्या आधी आणि पायांपेक्षा जास्त फुगू शकतं, आणि झोपल्यावर दम लागेलच असंही नाही. म्हणून एखादा आजार बाद करण्यापूर्वी स्वतःला एवढंच विचारायचं: तो आजार खरोखर असता, तरी पेशंट असाच दिसला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर तुमच्या मुद्द्याने काहीच बाद झालेलं नाही.

हाच प्रश्न रिपोर्टलाही लावायचा. मामांच्या पोटातलं पाणी काढलं, त्याच दिवशी रक्तही पाठवलं. रक्तातलं अल्ब्युमिन 3.1, पाण्यातलं 1.6, फरक 1.5. हा फरक म्हणजे सॅग. तो 1.1 किंवा त्याहून जास्त आला की पोर्टल शिरेतला दाब वाढलाय असं धरतात. मुलं इथे लगेच सिरॉसिसवर शिक्का मारतात. पण हृदयामुळे लिव्हरमध्ये रक्त तुंबलं तरी सॅग जास्तच येतो. दोघांना वेगळं करायला पाण्यातलं एकूण प्रोटीन बघावं लागतं. सिरॉसिसमध्ये ते बहुधा 2.5 च्या खाली असतं, हृदयाच्या कारणात वर. मामांचं 3.8 होतं.

टीबीचा जलोदर असेल तर प्रोटीन जास्तच, पण सॅग कमी येतो, पेशींमध्ये लिम्फोसाइट जास्त असतात आणि एडीए वाढतं. अर्थात सिरॉसिसच्या पेशंटलाही पोटाचा टीबी होऊ शकतो आणि मग सॅग कमी येईलच असं नाही. म्हणून नुसता सॅग जास्त आहे एवढ्यावर टीबी निकालात काढू नका. किडनीसाठी मात्र फार डोकं लावायला नको. लघवीत अल्ब्युमिन नाही, तर नेफ्रॉटिक सिंड्रोम नाही.

बोलण्याची पद्धतही बदला. बेडजवळ उभं राहून, इको न बघता ‘रूल आउट’ म्हणायचा अधिकार आपल्याला क्वचितच असतो. ‘शक्यता कमी वाटते, कारण बसवून बघितलं तरी जेव्हीपी वाढलेलं नाही, खात्रीसाठी इको करीन,’ असं म्हणा. परीक्षकाला तुम्ही काय बघितलं, कसं बघितलं आणि काय बाकी आहे, तिन्ही त्यात कळतं. आणि जे तपासायचंच राहिलं असेल, ते ‘नॉर्मल’ म्हणून ठोकून देऊ नका. ‘बघितलं नाही, सर’ म्हटल्यावर एखादा मार्क जाईल. खोटं नॉर्मल सांगून पुढच्या प्रश्नात सापडलात, तर सगळी केस जाते.

कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसवर ऑपरेशन आहे, ताठ झालेलं आवरण काढता येतं, आणि उशीर होईल तसा त्याचा धोका वाढतो. तेव्हा जलोदराचा पेशंट समोर आला, की डीडी लिहायच्या आधी त्याला एकदा सरळ बसवून मान बघा.