माळ्यावरचा पिवळा डबा

प्रश्न : माळ्यावर जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यावरचं नाव पार पुसलंय. फोटो आमच्या किराणावाल्या काकांना पाठवला, तर ते लगेच म्हणाले, "अरे, हा तर डालडा!" म्हणजे डबा इंग्रजांच्या काळातला, चांगल्या किमतीचा असेल ना? चिंचेनं घासून त्यात डाळ भरू का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : काकांची नजर पक्की आहे. अक्षरं गेली तरी पिवळ्यावर हिरव्या झावळ्यांची टोकं फोटोत दिसतात, आणि डालडा लोक त्या झाडावरूनच ओळखत. मात्र ब्रँड ओळखला म्हणजे वय कळलं असं नाही. डालडा १९३७ साली बाजारात आला आणि पुढे कित्येक दशकं विकला गेला. तुमच्या डब्याच्या कडेला पुसटसं 'किलो' वाचता येतं. आपल्याकडे मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, तेव्हा इंग्रजी अंमलाचा प्रश्न मिटला. तळाशी पत्ता असेल तर पिनकोड शोधा. तो असला तर डबा १९७२ नंतरचा. असे डबे घरोघरी होते, त्यामुळे मोठ्या किमतीची आशा नको.

चिंच अजिबात लावू नका, उरलंसुरलं चित्रही जाईल. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा. गंजावर मशीनच्या तेलाचा थेंब, तोही आधी तळाशी लावून पाहा. डाळ मात्र नको. जुन्या डब्यांच्या उभ्या जोडाला बहुधा शिसं मिसळलेला डाग दिलेला असे. बटणं, सुया-दोरे खुशाल ठेवा.