टर्कीची छाती कोरडी आणि मांडी कच्ची, असं का होतं?

प्रश्न : मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, आमचं छोटं फार्महाऊस आहे. गेल्या नाताळात अमेरिकेहून भाचा आला होता, त्याच्यासाठी हौसेने सहा किलोची गोठवलेली टर्की आणली. आदल्या रात्री ती फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवली होती. दीड किलोची अख्खी कोंबडी आम्ही १८० अंशांवर सव्वा तास भाजतो आणि ती छान होते. त्या हिशेबाने टर्कीला पाच तास धरले. पण साडेतीन तासांतच वरचं कातडं काळं पडायला लागलं, म्हणून बाहेर काढली. कापून बघतो तर छातीचं मांस भुशासारखं कोरडं, आणि मांडीच्या सांध्यापाशी लाल, थंडगार आणि कच्चं. दर वीस मिनिटांनी लोणीही लावत होतो. टर्कीत चरबी कमी असते म्हणून असं झालं का? – एक वाचक, पौड

उत्तर : टर्कीत चरबी कमी असते हे खरं, पण तुमच्या टर्कीचं बिनसलं त्यात चरबीचा हात फार थोडा आहे. कातड्यासकट अख्खा कच्चा पक्षी घेतला, तर कोंबडीत शंभर ग्रॅममागे साधारण पंधरा ग्रॅम चरबी भरते आणि टर्कीत जेमतेम निम्मी. हा फरक मोठा वाटतो, पण कोंबडीची बरीचशी चरबी कातड्यात आणि कातड्याखाली असते. कातडं काढून नुसती छाती मोजली, तर कोंबडीत अडीच ग्रॅम आणि टर्कीत दीड ग्रॅमच्या आसपास चरबी निघते. म्हणजे ज्या मांसाबद्दल तुमची तक्रार आहे, ते दोन्ही पक्ष्यांत मुळातच रुक्ष आहे. एका ग्रॅमच्या फरकाने कुणाचा भुसा होत नाही.

मांस कोरडं होतं ते त्यातलं पाणी गेल्यामुळे. कच्च्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं आणि ते स्नायूंच्या बारीक धाग्यांमध्ये धरलेलं असतं. मांस पन्नास अंशांच्या वर गेलं की हे धागे आकसू लागतात. साठ-पासष्टच्या पुढे ते ओल्या फडक्यासारखे पिळले जातात आणि पाणी बाहेर येतं. सत्तरीच्या आसपास छाती शिजलेली असते आणि रसाळही असते. ऐंशी ओलांडली की ती चावताना तोंडातली लाळ शोषून घेते. वरून लावलेलं लोणी इथे कामी येत नाही, कारण ते कातडीवरून ओघळून ताटात जातं, मांसाच्या आत शिरत नाही. उलट तुम्ही दर वीस मिनिटांनी ओव्हनचं दार उघडलंत, दर वेळी आतली गरम हवा बाहेर गेली आणि भाजण्याचा वेळ लांबला.

आता मांडीकडे बघा. कोंबडी असो वा टर्की, दोघी दिवसभर जमिनीवर चालतात, उडतात क्वचित. राबणाऱ्या पायांचं मांस गडद असतं आणि त्यात धाग्यांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पडद्यांचं प्रमाण बरंच असतं. हे पडदे मऊ पडून त्यांचा चिकट रस व्हायला जास्त उष्णता आणि जास्त वेळ लागतो. म्हणून मांडी पंचाहत्तरला खाण्याजोगी होते, पण चवीला लागते ती ऐंशी-ब्याऐंशीला. एकाच पक्ष्यात दहा अंशांच्या फरकाने दोन वेगळी मांसं शिजवायची आहेत, ही खरी गोम आहे.

शिवाय पक्ष्याची ठेवण नेमकी उलटी आहे. छाती वर, उघडी, ओव्हनच्या वरच्या सळीसमोर आलेली. तिचा गळ्याकडचा भाग जाड, तर शेपटीकडचा निमुळता, आणि हा निमुळता भाग सगळ्यांत आधी होतो. मांडीचा सांधा मात्र खाली, अंगाला चिकटलेला, हाडांनी वेढलेला. आत पोटाची पोकळी असते, तिथली हवा फारशी हलत नाही, त्यामुळे आतून उष्णता उशिरा पोचते. ज्या मांसाला कमी शेक हवा त्याला जास्त मिळतो आणि ज्याला जास्त हवा त्याला कमी.

मग कोंबडीची तक्रार का येत नाही? तिचीही ठेवण हीच असते. पण ती लहान असल्यामुळे छाती बिघडण्याआधीच सांध्यापर्यंत उष्णता पोचते. दोन्ही भागांतलं अंतर काही मिनिटांचं राहतं आणि तेवढं खपून जातं. टर्कीत तेच अंतर तासाभराच्या घरात जाऊ शकतं. त्यात आजची टर्की रुंद छातीसाठी वाढवलेली असते. भारतात पाळल्या जाणाऱ्या एका जातीचं नावच ब्रॉड ब्रेस्टेड ब्राँझ आहे. हा मूळचा मेक्सिकोतला पक्षी आपल्याकडे तसा जुना आहे. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून तो जहांगीर बादशहाकडे नेला आणि दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचं चित्र काढलं. पण अख्खा पक्षी कोरड्या हवेत भाजायची सवय आपल्या घरांत मुरलेली नाही. तुमच्याकडे गावरान कोंबडीचा रस्सा होतो, ताम्हिणी उतरून खाली रायगडात गेलं की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावतात. दोन्हीकडे बहुधा पक्षी फोडून तुकडे केलेले असतात. रश्शात प्रत्येक तुकड्याला चहूबाजूंनी सारखा ताप लागतो, आणि तो पाणी उकळण्याच्या तापमानापलीकडे जात नाही. असमान शिजण्याचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

आता वेळेचा हिशेब. वजन चौपट म्हणून वेळ चौपट, असं तुम्ही धरलंत. तसं होत नाही. उष्णता बाहेरून आत सरकते, तेव्हा तिला वजन कापायचं नसतं, जाडी कापायची असते. आकार तोच ठेवून वजन चौपट केलं, तर जाडी चौपट होत नाही, साधारण एक पूर्णांक सहा पट होते. आणि आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. एक पूर्णांक सहाला त्यानेच गुणलं की अडीच येतात. सव्वा तासाची अडीच पट म्हणजे तीन तास आणि वर थोडी मिनिटं. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पॅनोफ्स्की यांनी टर्कीसाठी याच तत्त्वावरचं सूत्र मांडलं होतं, कारण किलोमागे ठरावीक मिनिटं धरण्याची रीत मोठ्या पक्ष्याला लागू पडत नाही. तुमच्या सहा किलोंच्या टर्कीला पाच तास मुळात लागणारच नव्हते.

मग साडेतीन तासांनीही सांधा कच्चा कसा? तो थंडगार होता, असं तुम्हीच लिहिलं आहे. उत्तर त्या शब्दात आहे. गोठवलेला पक्षी फ्रीजमध्ये सुटायला दर दोन-अडीच किलोंमागे एक दिवस लागतो. सहा किलोंना अडीच-तीन दिवस हवे होते, तुम्ही एक रात्र दिलीत. बाहेरून हाताला मऊ लागली तरी पोटात आणि सांध्यात बर्फ होता. तो वितळवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडली आणि तेवढा वेळ छाती वर भाजत राहिली. पुढच्या वेळी पोटाच्या पोकळीत हात घालून बघा. आत कणभरही बर्फ लागला किंवा मांडी अंगापासून सहज हलली नाही, तर ती सुटलेली नाही. घाईने ओट्यावर ठेवून सोडवू नका, तसं केल्याने बाहेरच्या मांसात जंतू वाढतात.

एक खुलासा इथेच करतो. हाडाजवळचा नुसता लाल रंग म्हणजे कच्चेपणा नव्हे. कोवळ्या पक्ष्याच्या हाडातला रंग शिजल्यावरही मांसात उतरतो. खात्री करायची तर मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. टोक मांडीच्या आतल्या बाजूला, सांध्याजवळच्या जाड भागात जाऊ द्या, पण हाडाला टेकू देऊ नका. हाड टेकलं तर आकडा चुकीचा येतो. सगळीकडे निदान चौऱ्याहत्तर अंश भरले पाहिजेत.

माझं स्पष्ट मत असं की घरच्या ओव्हनमध्ये सहा किलोंची टर्की अख्खी भाजूच नये. ताटात अख्खा पक्षी मिरवता येणार नाही, पण जेवण चांगलं होईल. पूर्ण सुटल्यावर दोन्ही तंगड्या मांडीसकट सांध्यातून मोकळ्या करा आणि छाती हाडासकट वेगळी ठेवा. पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे साधारण साठ ग्रॅम मीठ सगळ्या तुकड्यांना चोळून फ्रीजमध्ये एक दिवस उघडं ठेवा. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं आणि मग तेच पाणी घेऊन परत आत जातं. मिठामुळे धाग्यांची रचना सैल होते, भाजताना ते कमी आकसतात, आणि कातडंही कोरडं पडून नंतर कुरकुरीत होतं. पुष्कळदा विकत आणलेल्या टर्कीत आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, तसं वेष्टनावर लिहिलं असेल तर मीठ निम्मं करा.

दुसऱ्या दिवशी दोन ताटं १८० अंशांवर लावा, तंगड्या एकात आणि छाती दुसऱ्यात. तासाभराने थर्मामीटर लावायला सुरुवात करा. छाती एकाहत्तरला पोचली की काढा. बाहेर आल्यावरही वरची उष्णता आत सरकत राहते आणि अर्ध्या तासाच्या विसाव्यात छाती चौऱ्याहत्तरवर जाते, तेवढं झालं का हे थर्मामीटरनेच बघा. तंगड्या ब्याऐंशीपर्यंत आत राहू द्या. त्या आधी झाल्या किंवा नंतर, कुणाची वाट बघत कुणी कोरडं पडत नाही. पोटात सारण भरायचा मोह असेल तर सारण वेगळ्या भांड्यात भाजा, कारण आत भरलं की मधला भाग आणखी उशिरा तापतो.

जाता जाता कोंबडीबद्दल. आपल्याकडच्या चिकन सेंटरवर न सांगता कातडं काढूनच कोंबडी देतात. अख्खी भाजायची असेल तर कातड्यासकट हवी हे आधी सांगा. त्या कातड्यामुळे भाजताना कोंबडी सांभाळली जाते. नाताळला टर्की करणार असाल, तर ती २१ डिसेंबरला सकाळीच फ्रीझरमधून फ्रीजमध्ये उतरवा. २४ ला मीठ लावा आणि २५ ला भाजा.