उत्तर बरोबर, तरी तांबडा गोल

147 भागिले 6 म्हणजे भागाकार 24, बाकी 3. हे उत्तर सांगलीत येतं तेच माद्रिदमध्येही येतं. तरी माझ्या मुलाच्या वहीत त्यावर तांबडा गोल पडला आणि खाली ओळ आली: घरी वेगळी पद्धत शिकवू नये.

गणित वाटणीचं होतं. 147 क्रोमोस, म्हणजे खेळाडूंची चित्रं, सहा मित्रांत 'आ पार्तेस इग्वालेस' म्हणजे समान वाटा. प्रत्येकाला किती 'तोकान', किती 'सोब्रान'? किती वाट्याला येतात आणि किती उरतात, एवढंच. मुलाने आपल्यासारखं मांडलं: डावीकडे 6, कंसात 147, उजवीकडे 24. मी बघितलं, बरोबर म्हटलं, झोपायला पाठवलं.

बाईंना भेटायला गेले तेव्हा त्या वहीवर पेन आपटत म्हणाल्या, "हे सहा भागिले एकशे सत्तेचाळीस झालं." मी म्हटलं, उत्तर तर बघा. उत्तर त्यांनी बघितलंच नाही. तुमची पद्धत एका कागदावर लिहून द्या, असं मी म्हणताच, "मुलाला येतं ते," असं सांगून त्यांनी पुढच्या पालकांना बोलावलं. मुलाला येत असतं तर मी कशाला गेले असते?

उलगडा झाला तो शाळेत नाही, आमच्या इमारतीतल्या एका आजोबांकडे. त्यांनी पाकिटाच्या मागे गणित मांडलं. 147 डावीकडे, उजवीकडे एक काटकोनी चौकट, तिच्यात 6 आणि त्या 6च्या खाली भागाकार. चौकटीला म्हणतात 'काखा'. मराठी माणसाने हसू आवरावं. आपण जिथे भागाकार लिहितो तिथेच यांचा भाजक बसतो. बाईंनी आमची मांडणी उलटी का वाचली, ते तेव्हा कळलं. तरी पेन आपटायचं काही कारण नव्हतं.

त्याहून मोठी गंमत पुढे होती. आजोबा पुटपुटले, "दोस पोर सेइस दोथे, आल कातोर्थे, दोस." दोन सक बारा, चौदाला दोन कमी. त्यांनी 12 लिहिले नाहीत, वजाबाकीची रेघ मारली नाही. 14 खाली फक्त 2 मांडले, शेजारी 7 उतरवले, 27 झाले. पुन्हा चार सक चोवीस, सत्तावीसला तीन कमी, खाली 3. म्हणजे 147च्या खाली दोनच ओळी: 27 आणि 3. वजाबाकी डोक्यात. वही तपासताना तुम्हाला पायऱ्या गाळल्यासारख्या दिसतील. पोराला ओरडू नका, आधी त्याला मोठ्याने म्हणायला लावा. अडत असेल तर कच्च्या कागदावर वजाबाकी लिहू द्या.

पडताळा मात्र आपलाच आहे: 6 गुणिले 24 अधिक 3, आले 147. भाज्य 'दिवीदेन्दो', भाजक 'दिवीसोर', भागाकार 'कोथियेन्ते', बाकी 'रेस्तो'. भागाकाराची खूण दोन टिंबं, 147 : 6, आणि वाचायचं '147 एन्त्रे 6'. वर्ग सुरू होताच एक गोष्ट विचारून घ्या: शाळेत 'आ-बे-एने' पद्धत आहे का? काही शाळांत आहे. तिथे चौकट नसते, तीन रकाने असतात: वाटायचं किती आहे, त्यातलं आत्ता किती वाटलं, प्रत्येकाला किती मिळालं. 147तले 120 वाटले, प्रत्येकाला 20, उरले 27, त्यातले 24 वाटले, प्रत्येकाला 4, राहिले 3. अशा शाळेत शिकणाऱ्या मुलाला काखा शिकवलीत तरी तांबडा गोल ठरलेला.

अपूर्णांकांत त्रास कमी. अंश साधा आकडा, छेदाला खास नाव: 'मेदिओ', 'तेर्थिओ', 'क्वार्तो' आणि पुढे दहापर्यंत क्रमवाचक. अकरापासून शेपटी लागते 'आवो'ची, म्हणून 5/12 म्हणजे 'थिन्को दोथेआवोस'. पाऊण तास शिकवायचा तर 'त्रेस क्वार्तोस दे ओरा'. घरात पाव-पाऊण म्हणत असाल तर अर्धं काम झालंय.

आकृत्यांत दोन जागी पाय घसरतो. नुसतं 'रेक्तांगुलो' म्हणजे आयत, पण 'त्रियांगुलो रेक्तांगुलो' म्हणजे काटकोन त्रिकोण. आमच्या चिरंजीवांनी तिथे आयत काढून त्यात कर्ण ओढला. आणि 'रोम्बो' म्हणजे चारही बाजू सारख्या, तर 'रोम्बोइदे' म्हणजे समोरासमोरच्या बाजू समांतर, पण शेजारच्या बाजू असमान आणि कोन काटकोन नाहीत. आपल्याकडे समभुज चौकोनही समांतरभुज चौकोनांतच धरतात, तसा इथला रोम्बो रोम्बोइदेत मोडत नाही. रंगवायच्या पानावर हे बघाच, आणि बाईंना विचारायला जाऊ नका. वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या आईकडून वहीच्या पानाचा फोटो मागवा.