मलम पुरेसं लावा, गोळी जपून घ्या

प्रश्न : माझं वय ६६ आहे. दोन्ही गुडघे सहा वर्षांपासून दुखतात, एक्स-रेमध्ये झीज दिसते. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी रोज जेवणानंतर घेते. दुखणं जास्त असेल तर रात्री आणखी एक. असं दीड वर्ष चाललंय. पोटासाठी सकाळी पॅन्टोप्राझोल घेते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची एकत्र गोळी आहे. डायक्लोफेनॅकचं मलमही लावून पाहिलं. ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरली, पण गुण आला नाही. या गोळ्यांनी किडनी जाते असं शेजारच्या काकू सांगतात. पोटाची गोळी घेत असताना मला भीती आहे का?

उत्तर : हो, आहे. पॅन्टोप्राझोल तुमचं पोट बऱ्यापैकी सांभाळते, किडनी मात्र मुळीच सांभाळत नाही. तुमच्या बाबतीत खरी काळजी किडनीचीच आहे आणि तिचं कारण तुमच्या रक्तदाबाच्या पाकिटावर लिहिलेलं आहे.

आधी पोटाचं पाहू. अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत, म्हणून सूज आणि दुखणं कमी होतं. पण याच द्रव्यांमुळे जठराच्या आतल्या बाजूला संरक्षक थर टिकून असतो. तो पातळ झाला की आम्लाने जखम होते. हा परिणाम औषध रक्तात गेल्यावर होतो. म्हणून गोळी जेवणानंतर घेतली किंवा तिच्याऐवजी इंजेक्शन घेतलं, तरी अल्सरचा धोका राहतोच. पॅन्टोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतली तर हा धोका चांगलाच कमी होतो. छातीत जळजळ झाल्यावर प्यायच्या पांढऱ्या औषधाने तेवढं संरक्षण मिळत नाही. अशा जखमा अनेकदा दुखतही नाहीत. डांबरासारखी काळी, चिकट शौच हीच पहिली खूण असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण त्या घेत नसाल आणि असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हृदयासाठी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

आता किडनी. किडनीच्या सूक्ष्म गाळण्यांत रक्त ठरावीक दाबानेच गाळलं जातं. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त आत आणणारी बारीक वाहिनी रुंद ठेवून हा दाब टिकवण्याचं काम तीच प्रोस्टाग्लँडिनं करतात. वेदनाशामक गोळीने ही वाट अरुंद होते. टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर जाणारी वाट सैल करतं. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं. ही दोन औषधं तुमच्या रक्तदाबासाठी योग्यच आहेत, पण त्यांच्या जोडीला तिसरं आलं की गाळणीतला दाब पडायला वेळ लागत नाही. एरवी शरीर कसंबसं निभावून नेतं. मे महिन्यात लग्नाच्या जेवणानंतर दोन दिवस जुलाब झाले, पाणी पोटात ठरेना आणि तुम्ही सवयीने तिन्ही औषधं घेत राहिलात, तर किडनीचं काम एकदम मंदावू शकतं. त्यात किडनी दुखत नाही. लघवी कमी होते, पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो, आणि कित्येकदा यातलं काहीच जाणवत नाही.

म्हणून या आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या आणि जुना रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. समजा, तुमचं क्रिएटिनिन पूर्वी ०.९ होतं आणि आता १.३ आलं. आकडा वरच्या मर्यादेच्या थोडाच पुढे म्हणून कुणी सोडून देईल. पण तुमच्या वयाच्या स्त्रीमध्ये याचा अर्थ किडनीची गाळण्याची क्षमता साधारण ७० वरून ४५ वर आली असा होतो. वेळीच गोळी थांबवली तर हे नुकसान बऱ्याचदा भरून येतं. उशीर झाला तर तेवढी खात्री देता येत नाही.

मग गुडघ्यांचं काय? तुमच्या मलमाचा हिशेब करू. ३० ग्रॅम महिनाभर पुरलं, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम, एका गुडघ्याला अर्धा ग्रॅम. डायक्लोफेनॅकच्या जेलची मात्रा मात्र एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा अशी आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेलची रेघ काढली की सुमारे अर्धा ग्रॅम होतं. म्हणजे एका गुडघ्याला निदान चार रेघा. दोन्ही गुडघ्यांना दिवसातून तीनदा लावलं तर रोज १२ ग्रॅम लागतं आणि तुमची ट्यूब अडीच दिवसांत संपते. मलम तुम्हाला लागू पडत नाही असं आत्ताच म्हणता येणार नाही, कारण ते पुरेसं लावलंच गेलेलं नाही.

ते गुडघ्याच्या पुढे, दोन्ही बाजूंना आणि मागे हलक्या हाताने पसरा. वर शेक, पट्टा किंवा प्लॅस्टिक नको. हात धुवा आणि जखमेवर लावू नका. निकाल तीन-चार आठवड्यांनी ठरवा. अपेक्षाही माफक ठेवा. चाचण्यांमध्ये औषधी जेल लावणाऱ्या दहांपैकी सहा जणांचं दुखणं बरंच कमी झालं, तर औषध नसलेलं जेल लावणाऱ्या दहांपैकी पाच जणांचं. फायदा लहान आहे, पण एका गुडघ्याला पूर्ण मात्रा लावूनही रक्तात पोहोचणारं औषध गोळीच्या साधारण ६ टक्केच असतं. दोन गुडघ्यांना ते वाढतं, म्हणून जेलसोबत तीच गोळी घेऊ नका. किडनी आधीच कमजोर असेल तर जेलही डॉक्टरांना विचारूनच लावा. खुब्याचा सांधा खूप खोल असतो, तिथे जेलचा उपयोग होत नाही. हातांच्या आणि गुडघ्यांच्या सांध्यांसाठी ते योग्य आहे.

सोबत एक व्यायाम करा. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच सेकंद धरा आणि हळू खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

रोजची वेदनाशामक गोळी तुम्ही बंद करावी असं माझं मत आहे. तिची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करण्याची गरज नसते. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका. दुखणं फारच वाढलं तर कोणती गोळी, किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून ठरवावं. उलट्या-जुलाब किंवा ताप असेल, किंवा निर्जळी उपवास असेल, त्या दिवशी वेदनाशामक गोळी घ्यायचीच नाही. आजारपणात रक्तदाबाची गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. दातांच्या किंवा कंबरेच्या दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी दिली, तर पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा. कंपनी वेगळी असली तरी औषध याच गटातलं असू शकतं.

पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटं, गुडघ्याच्या मलमासकट, पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा.