घटक ४ : प्रतिमानिर्मितीसाठी वर्णनलेखन – कुल्फीचे समीपचित्र

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :

• मूल्यदर्शक विशेषण आणि दृश्य तपशील यांतील फरक सांगता येईल.
• 'वितळणे' या क्रियेच्या निरनिराळ्या अवस्थांसाठी योग्य क्रियापद निवडता येईल.
• ओघळ, हिमकण आणि उन्हाळी प्रकाश यांचा मेळ घालणारा प्रॉम्प्ट लिहिता येईल.
• तयार झालेले चित्र तपासून प्रॉम्प्टमधील उणीव ओळखता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण जाहिरातीच्या संहितेचा विचार केला. आज जाहिरातीचे चित्रही अनेकदा शब्दांतून तयार होते. संगणकाला वर्णन लिहून दिले असता प्रतिमानिर्मितीचे साधन त्यावरून चित्र बनवते. या वर्णनाला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. कथेतील वर्णन आणि प्रॉम्प्ट यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कथेचा वाचक न लिहिलेला भाग स्वतःच्या अनुभवाने भरून काढतो. साधनही रिकाम्या जागा भरते, परंतु ते आपल्या सरावासाठी वापरलेल्या असंख्य चित्रांतील नेहमीचे दृश्य तेथे आणून ठेवते. हे दृश्य आपल्या मनातील असेलच असे नाही.

या घटकात आपण एकच उदाहरण सविस्तर पाहणार आहोत. एका बचत गटाला आपल्या काडीवरच्या मलई कुल्फीसाठी फलक करावयाचा आहे, अशी कल्पना करा. कुल्फी अगदी जवळून दिसावी, तिच्यावर गोठलेल्या हिमकणांचा पोत असावा, कडेने ओघळ यावेत आणि मागे लख्ख उन्हाळा असावा, अशी गटाची अपेक्षा आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पहिला मसुदा

बहुतेक विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात पुढीलप्रमाणे लिहितात :

"अतिशय सुंदर, स्वादिष्ट, थंडगार कुल्फी विरघळताना, उन्हाळ्याची पार्श्वभूमी, गरम दिवस, क्लोज-अप."

या मसुद्यातून आलेल्या चित्रांत ठरावीक चुका आढळतात. कुल्फीच्या जागी शंकूतले वळ्यावळ्यांचे मऊ आइस्क्रीम येते. त्यातून चहाच्या कपासारखी वाफ वर जाते. पृष्ठभागावर पाण्याचे पारदर्शक थेंब असतात आणि मागे समुद्रकिनाऱ्यावरची छत्री दिसते.

या चुकांचे मूळ मसुद्यातील शब्दांत आहे. 'सुंदर' आणि 'स्वादिष्ट' ही लेखकाची मते आहेत. त्यांना आकार वा रंग नाही. 'थंडगार' हा स्पर्शाचा अनुभव आहे. थंडपणा डोळ्यांना दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. आपल्याला त्या खुणा लिहावयाच्या आहेत. 'कुल्फी' हे नाव मराठी वाचकाला पुरेसे असले, तरी साधनाला ते पुरेल याची खात्री नसते. म्हणून नावासोबत आकार सांगावा : खाली रुंद, टोकाकडे निमुळती, भरीव, फिकट केशरी रंगाची, बांबूच्या काडीवर बसवलेली.

'भरीव' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आइस्क्रीम गोठवताना ते सतत घुसळले जाते व त्यात हवा मिसळते. कुल्फीसाठी दूध आटवून साच्यात न ढवळता गोठवतात. त्यामुळे तिच्यात हवा फारच कमी असते, ती घट्ट असते आणि सावकाश वितळते. तिच्या पृष्ठभागावर वळ्या किंवा फेस नसतो. साच्याची गुळगुळीत छाप असते आणि चावलेल्या जागी दाट, किंचित कणीदार गाभा दिसतो.

४.२.२ क्षणाची निवड

हिमकण आणि ओघळ ही दोन्ही आपल्याला हवी आहेत. परंतु निसर्गात ती सर्वत्र एकाच वेळी दिसत नाहीत. म्हणून वर्णन लिहिण्यापूर्वी कुल्फी कोणत्या क्षणी पाहायची, हे ठरवावे लागते.

साचा हातात चोळून किंवा पाण्यात बुडवून कुल्फी नुकतीच बाहेर काढली, तर तिचा पृष्ठभाग ओलसर व चकचकीत असतो. हिमकण दिसतात ते साच्यातून काढून पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवलेल्या आणि मग बाहेर आणलेल्या कुल्फीवर. हवेतील बाष्प त्या अतिथंड पृष्ठभागावर गोठते आणि पिठूळ पांढरा थर चढतो. मुंबईच्या दमट हवेत तो अधिक दिसतो, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कमी. थोड्याच वेळात पृष्ठभाग तापू लागतो, पांढरा थर नाहीसा होतो आणि तेथे ओली चकाकी येते. त्यानंतर ओघळ सुरू होतात.

या दोन अवस्थांच्या मधला एक क्षण आपल्या उपयोगाचा आहे. ऊन लागलेली बाजू आणि निमुळते टोक आधी वितळते. सावलीतल्या बाजूवर हिमकण अजून टिकून असतात. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच चित्रात येऊ शकतात. फक्त त्यांच्या जागा वेगळ्या सांगाव्या लागतात. 'हिमकण आणि ओघळ' एवढेच लिहिले, तर पांढऱ्या थरावरूनच ओघळ वाहताना दिसतात आणि चित्र खोटे वाटते.

धुक्याबाबतही अशीच काळजी घ्यावी. थंड वस्तूभोवती दिसणारे धुके वर जात नाही. थंड हवा जड असल्याने ते खाली उतरते. गरम पेयाची वाफ वर जाते. हा फरक न सांगितल्यास कुल्फी उकळते आहे असे वाटते.

४.२.३ क्रियापदांची निवड

पहिल्या मसुद्यात 'विरघळताना' हा शब्द होता. बोलण्यात तो सर्रास वापरला जातो. परंतु साखर पाण्यात विरघळते आणि कुल्फी उन्हात वितळते. विरघळण्यासाठी दुसरा द्रव लागतो, वितळण्यासाठी उष्णता पुरते. वितळल्यानंतर काय घडते हे सांगण्यासाठी मराठीत वेगवेगळी क्रियापदे आहेत आणि प्रत्येकातून निराळे चित्र उभे राहते.

'ओघळणे' म्हणजे पृष्ठभागाला धरून रेषेसारखे खाली येणे. 'ठिबकणे' म्हणजे थेंबाथेंबाने सुटून पडणे. 'झिरपणे' म्हणजे सच्छिद्र वस्तूच्या आतून हळूहळू बाहेर येणे. मटका कुल्फीचे मातीचे मडके ओलावा शोषून गडद होते, तेथे हे क्रियापद शोभते. 'निथळणे' म्हणजे भिजलेल्या वस्तूवरचे जादा पाणी गळून जाणे. ते कुल्फीला लागू पडत नाही. आपल्या चित्रात कुल्फीच्या कडेने 'ओघळ' हवा आणि काडीच्या टोकाशी 'ठिबकण्याच्या बेतात असलेला थेंब' हवा.

ओघळाचा रंग आणि दाटपणाही लिहिणे आवश्यक आहे. आटवलेल्या दुधाचा ओघळ अपारदर्शक, सायीच्या रंगाचा, वर बारीक आणि खाली फुगीर असतो. तो मागे ओलसर माग सोडतो. पारदर्शक थेंब शेजारच्या थंड स्टीलच्या ताटलीवर जमतात, कारण ते हवेतल्या बाष्पाचे असतात.

४.२.४ पार्श्वभूमी आणि प्रकाश

'उन्हाळा' म्हटल्यावर साधन समुद्रकिनारा आणते. आपल्याला महाराष्ट्रातला मे महिना हवा असेल, तर एकच नेमकी खूण द्यावी. उदाहरणार्थ, फुललेला गुलमोहर. क्लोज-अपमध्ये मागचे दृश्य अस्पष्ट होते. म्हणून झाडाचे तपशील लिहू नयेत. 'मागे धूसर झालेले लाल-हिरवे डाग' असे लिहावे.

पार्श्वभूमी फार उजळ झाली तर समोरची वस्तू काळपट दिसते, हा छायाचित्रणातील नेहमीचा अनुभव आहे. त्यासाठी दोन प्रकाश सांगावेत : मागून, डाव्या बाजूने तिरपे ऊन आणि समोरून मंद परावर्तित उजेड. मागच्या उन्हाने ओघळाची कड चमकते, समोरच्या उजेडाने हिमकणांचा पोत दिसतो. ऊन डावीकडून आहे, म्हणून ओघळ डावीकडे आणि हिमकण उजवीकडे, हेही आपोआप ठरते.

४.२.५ सुधारित मसुदा

"काडीवरच्या एका मलई कुल्फीचे क्लोज-अप छायाचित्र. कुल्फी भरीव, फिकट केशरी, निमुळत्या साच्याच्या आकाराची; निमुळते टोक वर, रुंद बाजू व बांबूची काडी खाली. मागून डावीकडून दुपारचे तिरपे ऊन, समोरून मंद परावर्तित उजेड. डाव्या कडेवर वितळलेला ओलसर, चकचकीत भाग. तेथून सायीच्या रंगाचे दाट, अपारदर्शक ओघळ सावकाश खाली उतरलेले. काडीच्या खालच्या टोकाशी सुटण्याच्या बेतात असलेला एक थेंब. उजव्या, सावलीतल्या बाजूवर बारीक पिठूळ हिमकणांचा थर. कुल्फीचा पुढचा भाग स्पष्ट. मागे फुललेल्या गुलमोहराचे धूसर लाल-हिरवे डाग आणि उजळ आकाश."

या मसुद्याचा क्रम पाहा. प्रथम वस्तू, मग प्रकाश, मग पृष्ठभागाची अवस्था आणि शेवटी पार्श्वभूमी. प्रकाश आधी आल्याने पुढील प्रत्येक तपशिलाला कारण मिळते. यात 'वाफ नको' असेही कोठे लिहिलेले नाही. अनेक साधने नकार नीट पाळत नाहीत. 'वाफ' हा शब्द वाचून वाफच काढतात. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते. तेथे तो शब्द लिहावा. एखादे साधन इंग्रजी अधिक चांगले जाणत असेल, तर हेच तपशील याच क्रमाने भाषांतरित करावेत. मात्र 'ओघळ' आणि 'थेंब' यांतला फरक भाषांतरात हरवू देऊ नये.

४.२.६ चित्राची तपासणी

आलेले चित्र तीन प्रश्नांनी तपासावे. सावल्या आणि ओघळांची चमक एकाच प्रकाशाशी जुळते का? ओघळ कुल्फीच्याच रंगाचा आहे का? हिमकण वितळलेल्या भागावर तर पसरलेले नाहीत ना? चूक आढळल्यास एका वेळी एकच शब्दसमूह बदलावा. तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिला तरी चित्र थोडे बदलते. त्यातच चार बदल एकदम केले, तर कोणत्या शब्दाने काय घडले हे कळत नाही.

आणखी एक तपासणी भाषेच्या पलीकडची आहे. गटाच्या कुल्फीत पिस्ते नसतील, तर साधनाने स्वतःहून पेरलेले पिस्त्याचे काप चित्रात ठेवू नयेत. फलक पाहून आलेल्या ग्राहकाच्या हाती जी कुल्फी पडेल, तीच चित्रात असली पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तरतूद आहे, हेही लक्षात ठेवावे.

४.३ सारांश

प्रॉम्प्टमध्ये मत न लिहिता दिसणाऱ्या खुणा लिहाव्यात. वितळणाऱ्या वस्तूचे चित्र एका निश्चित क्षणाचे असते. तो क्षण ठरला की ओघळ, हिमकण आणि प्रकाश यांच्या जागा परस्परांशी जुळतात. त्या क्षणाला अचूक क्रियापद देणे हे वर्णनलेखकाचे मुख्य काम आहे.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'विरघळणे' आणि 'वितळणे' यांतील फरक एकेका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. पुढील वाक्यातील मूल्यदर्शक शब्द काढून त्यांच्या जागी दृश्य तपशील लिहा : "मस्त थंडगार मटका कुल्फी, छान उन्हाळी वातावरण."
३. ऊन उजवीकडून येत असल्यास सुधारित मसुद्यात कोणते बदल करावे लागतील?

उत्तरसूचना : प्रश्न २ मध्ये मडक्याचा रंग, त्यावरील ओलसर गडद पट्टा आणि कुल्फीच्या वरच्या थराची अवस्था यांचा विचार करा. प्रश्न ३ मध्ये केवळ प्रकाशाची दिशा बदलून भागणार नाही. ओघळ आणि हिमकण यांच्या जागांचीही अदलाबदल करावी लागेल.