जाहिरात लपव, तक्रार राहू दे

अगं, तुझा मेसेज वाचला. चकलीच्या भाजणीच्या व्हिडिओखाली टेलिग्रामवाल्यांनी धुमाकूळ घातलाय आणि तुला त्या कमेंट आपोआप लपवायच्या आहेत. बरोबरच आहे, दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी बांधायच्या की कमेंट निवडत बसायचं? पण तू पाठवलेली शब्दांची यादी मी नीट वाचली आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. त्या यादीत ‘फसवणूक’, ‘पैसे’, ‘नंबर’, ‘व्हॉट्सअॅप’ आणि ‘बकवास’ हे शब्द आहेत. ती तशीच चालू केलीस तर स्पॅम थोडंफार कमी होईल, पण तुझी नाराज गिऱ्हाइकं सगळ्यात आधी गडप होतील.

ते कसं, हे तुझ्याच व्हिडिओवरून सांगते. समज, एका बाईंनी लिहिलं, “फसवणूक आहे ही. भाजणीचे पैसे आधी घेतले, पंधरा दिवस झाले तरी पार्सल नाही, व्हॉट्सअॅप नंबरही लागत नाही.” या एका कमेंटमध्ये तुझ्या यादीतले चार शब्द आहेत. आता दुसरी कमेंट बघ, “खूप सुंदर ताई! घरबसल्या महिना तीस हजार कमवा, माझ्या प्रोफाइलवर या.” हिच्यात तुझ्या यादीतला एकही शब्द नाही. म्हणजे जिला उत्तर द्यायलाच हवं ती बाई लपली आणि जाळं टाकणारा गोड बोलून वर बसला. स्पॅमवाला बहुतेक वेळा कौतुकच करतो गं, रागावतं ते खरं गिऱ्हाईक. म्हणून कमेंटचा सूर बघून नियम कधीच करायचा नाही.

मग काय बघायचं? मी प्रत्येक कमेंटला एकच प्रश्न विचारते. ही कमेंट उचलून दुसऱ्या कुणाच्याही व्हिडिओखाली, अगदी गाडी दुरुस्तीच्या व्हिडिओखाली चिकटवली, तर चालेल का? चालत असेल आणि ती वाचणाऱ्याला इथून दुसरीकडे बोलवत असेल, तर ते स्पॅम. “तुमच्या मापाने चकली तेलात विरघळली, मोहन जास्त झालंय, आधी स्वतः करून बघत जा” ही कमेंट दुसरीकडे कुठेच चालणार नाही. बोलणं टोचतं, पण ते तुझ्या चकलीबद्दलच आहे आणि मोहन जास्त झालं की चकली विरघळते हेही खरंच आहे. ती राहू दे आणि खाली मोहनाचं माप पुन्हा एकदा लिही.

आता प्रत्यक्ष नियम लावू. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये कम्युनिटीचा विभाग आहे. तिथे `Block links` चालू कर. त्याने लिंक किंवा हॅशटॅग असलेली नवी कमेंट थेट दिसत नाही, ती `Held for review` मध्ये थांबते. तुझ्या व्हिडिओखाली तक्रार करणाऱ्याला लिंक द्यायची गरज क्वचितच पडते, उलट स्पॅमवाल्याचं बरंचसं काम लिंकवर चालतं. त्यामुळे या एका खुणेने पुष्कळ काम होतं आणि टीकेला फारसा धक्का लागत नाही. एखादीने पार्सलचा फोटो दाखवायला लिंक दिलीच, तर ती तुला त्या यादीत सापडेल आणि तू ती सोडशील.

तिथेच कमेंट थांबवण्याच्या पातळ्याही आहेत, `Basic` आणि `Strict`. तू `Basic` ठेव. `Strict` चं जाळं रुंद आहे, त्यात नकोशा कमेंट जास्त अडकतात तशी रागाने लिहिलेली खरी तक्रारही जास्त अडकू शकते.

मग येतो `Blocked words` चा रकाना. इथे एकेकटे शब्द टाकू नकोस, स्पॅमवाल्याचं अख्खं वाक्य किंवा पत्ता टाक. ‘व्हॉट्सअॅप’ हा शब्द गिऱ्हाईकही लिहितं, `wa.me` असा पत्ता मात्र गिऱ्हाईक लिहीत नाही. ‘पैसे’ सगळेच लिहितात, ‘घरबसल्या कमवा’ असं स्वयंपाकाच्या व्हिडिओखाली कोण लिहील? तुझ्यासाठी सुरुवातीची यादी एवढीच पुरे:

```
t.me, wa.me, bit.ly, घरबसल्या कमवा, gharbaslya kamva, माझ्या प्रोफाइलवर या, टेलिग्रामवर मेसेज करा
```

यात एक खाचखळगा आहे. मराठी आपण देवनागरीत लिहितो, रोमनमध्येही लिहितो आणि रोमनमध्ये दहा जणांची स्पेलिंग दहा तऱ्हांची. `kamva`, `kamava`, `kamwa` हे सगळं येणार. म्हणून यादी डोक्यातून लिहू नकोस. आलेल्या स्पॅममधून वाक्य जसंच्या तसं उचल आणि टाक. काही स्पॅमवाले अक्षरांच्या मध्ये टिंबं घालतात, नाहीतर चित्रविचित्र दिसणारी अक्षरं वापरतात, म्हणजे यादीला सापडू नये. तेही तसंच उचल. गिऱ्हाईक तक्रार लिहिताना असला खटाटोप करत नाही, त्यामुळे अशा अक्षरांवर लावलेल्या नियमाने टीका लपत नाही.

नियम चालू करण्याआधी तो जुन्या कमेंटवर तपासून घे. गेल्या दिवाळीपासूनच्या दोनशे कमेंट काढ. वाचत जा आणि प्रत्येकीपुढे स्पॅम, टीका किंवा इतर अशी खूण कर. मग यादीतलं एकेक वाक्य त्या दोनशेंत शोध. ज्या वाक्याने एक जरी खरी तक्रार पकडली, ते वाक्य यादीतून बाद. त्याने वीस स्पॅम पकडले असले तरी बाद. हे कडक वाटेल, पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. सुटलेलं स्पॅम तुला समोर दिसतं आणि तू ते लगेच काढतेस. लपलेली तक्रार मात्र तुला व्हिडिओखाली दिसत नाही, इतर गिऱ्हाइकांना दिसत नाही आणि ती लिहिणारी बाई वाट बघत राहते.

फेसबुकच्या पानावर तर हे आणखी जपावं लागतं. तिथे लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. म्हणजे त्या बाईंना वाटणार की आपली तक्रार सगळ्यांनी वाचली, तूही वाचलीस आणि मुद्दाम गप्प बसलीस. साध्या उशिरा गेलेल्या पार्सलाचं मग भांडण होतं.

लपवणं आणि काढून टाकणं यातला फरकही धरून ठेव. नियमाला फक्त थांबवायचा अधिकार द्यायचा, काढून टाकायचा नाही. तो निर्णय तुझ्या डोळ्यांनी वाचून झाला पाहिजे. यूट्यूबवर थांबवलेल्या कमेंट साठ दिवसांपर्यंतच त्या यादीत राहतात. म्हणून रोज रात्री हिशेब लिहायला बसतेस तेव्हाच ती यादी उघड. दिवाळीच्या गर्दीत सकाळीही बघ, कारण तेव्हा तक्रारी तासातासाला येतात.

खात्यावरच पडदा टाकायची सोयही आहे, `Hide user from channel`. ती सगळ्यात शेवटी वापर. एकदा लावलं की त्या माणसाची पुढची कुठलीच कमेंट कुणाला दिसत नाही आणि त्याला ते कळवलंही जात नाही. जो तुझं नाव आणि फोटो लावून “तुम्हाला बक्षीस लागलंय” म्हणत तुझ्या गिऱ्हाइकांना उत्तरं देतो, त्याच्यासाठी हे योग्य आहे. त्याची यूट्यूबकडे तक्रारही कर. आईबहिणीवरून किंवा जातीवरून शिव्या देणाऱ्यालाही काढ, त्याला स्पॅमही म्हणायचं नाही आणि टीकाही नाही, ती सरळ शिवीगाळ. पण ‘बकवास’ एवढंच लिहून गेलेल्याला हात लावू नकोस. त्याला आवडलं नाही, विषय संपला.

एक प्रसंग मात्र असा आहे की तिथे नियम तुला मदत करणार नाही. एकच मजकूर पाच व्हिडिओंखाली दिसला तर ती स्पॅमची खूण असते. पण ज्या बाईंना पंधरा दिवस पार्सल मिळालेलं नाही, त्याही वैतागून पाच ठिकाणी तेच लिहितील. इथे मघाचा तो प्रश्न विचार. मजकूर तुझ्या भाजणीबद्दल आहे ना? मग राहू दे. पहिल्या कमेंटखाली सगळ्यांना दिसेल असं उत्तर दे, पार्सल कुठे आहे ते लिही, पैसे परत करणार असशील तर ते कधी हे लिही. बाकीच्या चारांखाली ‘उत्तर अमुक व्हिडिओखाली दिलंय’ असं टाक. वाचणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला तक्रारीपेक्षा तुझं उत्तर जास्त लक्षात राहतं.

टीका लपवण्याचा मोह मोठमोठ्यांना झालाय. अमेरिकेत फॅशन नोव्हा नावाची कपडे विकणारी कंपनी आहे. चार आणि पाच ताऱ्यांचे अभिप्राय तिच्या साइटवर आपोआप झळकायचे, त्याहून कमी ताऱ्यांचे मंजुरीसाठी अडायचे आणि अशा लाखो अभिप्रायांना मंजुरी मिळालीच नाही. 2015 पासून 2019 पर्यंत हे चाललं, असं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने म्हटलं आणि 2022 मध्ये कंपनीला 42 लाख डॉलर मोजायला लावले. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्येच ऑनलाइन अभिप्रायांसाठी IS 19000 हे मानक काढलं, तेव्हा ते ऐच्छिक होतं. तू काही एवढी मोठी नाहीस, पण नियम तारे बघून लावला काय किंवा ‘फसवणूक’ शब्द बघून लावला काय, करणी तीच.

नियम चालू झाल्यावर तो बिघडलाय हे कसं ओळखायचं तेही सांगते. थांबलेल्या यादीत तुझ्या ओळखीच्या गिऱ्हाइकांची नावं दिसायला लागली, तर कुठलं तरी वाक्य फार ढोबळ झालंय. व्हिडिओखाली अचानक नुसतं कौतुक उरलं, तर खूश होऊ नकोस, यादी तपास. “मी लिहिलेलं दिसत नाही” असा फोन आला, तर दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून तो व्हिडिओ उघडून बघ, कारण तुझ्या स्वतःच्या खात्यातून दिसतं तेच इतरांना दिसतं असं नाही. आणि दर महिन्याला जुनी वाक्यं काढत जा, स्पॅमवाले भाषा बदलतात आणि मागे राहिलेली वाक्यं उगाच कुणाला तरी अडवतात.

एवढं सगळं आजच करायची गरज नाही. आज रात्री फक्त तुझी शब्दांची यादी उघड आणि ते पाच शब्द काढून टाक. लिंकचा नियम लाव. मग आतापर्यंत थांबलेल्या कमेंटमध्ये ज्या गिऱ्हाइकांच्या सापडतील त्या सोड आणि झोपायच्या आधी प्रत्येकीला उत्तर लिही.